प्रकल्प सुरू होतोय हे कळवणारं पत्र: तासगावच्या एका बेदाणा शेडवरून

तासगाव तालुक्यातल्या एका शेडमध्ये ऐन मार्चमध्ये बेदाण्याचं नवंकोरं प्रतवारी मशीन निळ्या ताडपत्रीखाली झाकून ठेवलेलं मी पाहिलंय. बाहेर रॅकवरचा माल उतरत होता, पोरं क्रेट भरत होती, आणि भरलेला ट्रॅक्टर नेहमीसारखा दुसऱ्याच्या दारात प्रतवारीला चालला होता. मशीनला वीज नव्हती. जोडणीचा अर्ज गेला तोच डिसेंबरअखेर. बांधकामवाल्याला वाटलं मशीनवाला करेल, मशीनवाल्याला वाटलं कंपनी करेल आणि संचालकांना वाटलं, बांधकामात ते आलंच.

त्या कामाची सुरुवात सप्टेंबरात व्हॉट्सअॅपवरच्या निरोपाने झाली होती: "आपल्या सर्वांच्या स्वप्नातला प्रकल्प सुरू होत आहे, सर्वांचं सहकार्य अपेक्षित आहे." खाली चाळीसेक अभिनंदनं आली. निरोप मीच लिहिला होता. त्यात कुणी, काय आणि कधीपर्यंत करायचं, यातलं एक अक्षर नव्हतं, आणि तो हंगाम सभासदांच्या हातून गेला याची बोच अजून आहे.

पुढे दुसऱ्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या तशाच शेडचं समन्वयाचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा सुरुवातीचं पत्र मी वेगळ्या रीतीने लिहिलं. तेच पत्र इथे उलगडून सांगतो. माणसांची नावं आणि मोबाइल नंबर काढून त्यांच्या जागी पदं ठेवलीत, बाकी मांडणी तीच आहे.

पत्राआधीचे दहा दिवस

पत्र लिहायला मला दीड तास लागला, त्याची तयारी करायला दहा दिवस. पहिल्यांदा वहीत चार प्रश्न लिहिले: पैसा कोण देतंय, परवानगी कोण देतंय, काम कोण करतंय, आणि झाल्यावर वापरणार कोण. पैशाखाली बँकेची शाखा, अनुदानाचं काम बघणारं कृषी कार्यालय आणि भाग घेतलेले 212 सभासद आले. परवानगीखाली ग्रामपंचायत आणि महावितरणचं उपविभाग कार्यालय. कामाखाली बांधकामाचा कंत्राटदार, मशीन बनवणारा आणि आमचे सीए. वापरणारे पुन्हा सभासदच.

पाचवा प्रश्न एका वयस्कर संचालकांनी सुचवला, आणि आता मी तो दरवेळी विचारतो: या कामाने त्रास कुणाला होणार? शेडकडे जाणारी पाणंद दोन शेतकऱ्यांच्या बांधावरून जाते. खडीचे डंपर तिथूनच जाणार होते. ते दोघं ना सभासद, ना कंत्राटदार, त्यामुळे कुठल्याच यादीत बसत नव्हते. पण त्यांनी एक दिवस पाणंदीत बैलगाडी आडवी लावली असती तर पायाचं काम तिथेच थांबलं असतं. त्यांना पत्र पाठवलं नाही. अध्यक्ष स्वतः दोघांच्या घरी चहाला गेले, डंपर कधी येणार ते सांगितलं आणि काम झाल्यावर पाणंदीवर मुरूम टाकून देण्याचं कबूल केलं. ते कबूल केलेलं मात्र पत्रात लिहिलं, म्हणजे पुढे कुणी विसरायला नको.

यादी झाली की ज्यांचं नाव पत्रात येणार आहे त्या प्रत्येकाशी आधी बोलायचं. आपल्यावर काय जबाबदारी आहे हे कुणालाही पत्रातून पहिल्यांदा कळता कामा नये. आपल्याकडे माणूस चारचौघांत नाही म्हणत नाही. ग्रुपवर नाव वाचून "हो" म्हणतो आणि मग काम अंगाला लावून घेत नाही. एकट्याला गाठून विचारलं तर मोकळेपणी सांगतो की दादा, नोव्हेंबरात माझ्या बागेची विरळणी असते, तेव्हा मला धरू नका. हे उत्तर पत्राआधी मिळालं तर वेळापत्रक बदलता येतं, पत्रानंतर मिळालं तर मन दुखावतं.

प्रत्येकाला मी तीनच गोष्टी विचारल्या. हे काम तुमचं, असं लिहिलं तर चालेल का? तुमच्या हिशेबाने किती दिवस लागतील? आणि तुम्ही कशासाठी अडून राहाल? तिसऱ्या प्रश्नावरच खरं बाहेर येतं. मशीनवाला म्हणाला, आगाऊ रक्कम मिळाल्या दिवसापासून 90 दिवस, त्याआधी नाही. महावितरणच्या कार्यालयात सांगितलं की शेतीपंपाच्या जोडणीवर शेड चालवता येणार नाही, वेगळी जोडणी लागेल. मशीन, पंखे आणि दिवे धरून आमचा वीजभार जवळच्या डीपीला झेपणारा नव्हता, म्हणजे नव्या डीपीचा प्रश्न आला. या दोन उत्तरांनी आमचं सगळं वेळापत्रक फिरलं. तोवर आम्ही बांधकाम उरकल्यावर विजेचं बघू, असं धरून चाललो होतो.

आणखी एक अडचण पत्राच्या तारखेची. आमच्या अनुदानाच्या अटीत होतं की मंजुरीपत्राच्या आधी सुरू केलेल्या कामाचा खर्च धरला जाणार नाही. म्हणून मंजुरी हातात येईपर्यंत "काम सुरू झालं" असे शब्द कुठल्याही कागदावर किंवा ग्रुपवर जाऊ दिले नाहीत. बँकेचं मंजुरीपत्र आणि अनुदानाची मंजुरी, दोन्ही फाइलला लागल्यावरच पत्र निघालं. तुमच्या योजनेची अट वेगळी असेल, पण ती वाचल्याशिवाय शुभारंभाचा फोटोसुद्धा टाकू नका.

उद्दिष्ट एका वाक्यात, आणि काय करणार नाही तेही

संचालक मंडळाने दिलेल्या मसुद्यात उद्दिष्ट होतं: "सभासदांच्या बेदाण्याचं मूल्यवर्धन करून उत्पन्न वाढवणे." हे खोटं नाही, पण यावरून कंत्राटदाराला शेड किती मोठी ते कळत नाही आणि सभासदाला आपला माल कधी आणायचा ते कळत नाही. शिवाय हंगाम संपल्यावर हे झालं की नाही, ते ठरवणार कसं?

मग आम्ही हिशेब मांडला. मशीन ताशी 600 किलो काढतं. दिवसाला 7 तास चाललं तर 4.2 टन. 20 फेब्रुवारी ते 30 एप्रिल हे 70 दिवस, त्यातल्या सुट्ट्या वगळल्या तर 60 दिवस काम. म्हणजे साधारण 250 टन. सभासदांकडे विचारपूस केली तेव्हा आकडा याच्या जवळपासच आला. तेव्हा उद्दिष्ट असं झालं: 20 फेब्रुवारी 2026 रोजी सभासदांच्या मालाची पहिली खेप आपल्या शेडमध्ये प्रतवारी होऊन 15 किलोच्या पेटीत भरली जाईल, आणि 30 एप्रिलपर्यंत 250 टन माल निघेल. यात काय, किती आणि कधी, तिन्ही आलं. कुणीही 20 फेब्रुवारीला शेडवर येऊन खरंखोटं करू शकतो.

त्याच्या लगेच खाली या कामात काय येत नाही ते लिहायचं. ही ओळ लिहायला लोक कचरतात, कारण शुभारंभाच्या पत्रात नकार कशाला, असं वाटतं. पण तासगावात बेदाण्याची शेड म्हटलं की पाराखाली पहिला प्रश्न येतो, "कंपनी माल विकत घेणार का? भाव काय देणार?" दुसरा प्रश्न, शीतगृह कधी? उत्तर पत्रात नसेल तर लोक आपल्या मनाने भरतात आणि तीन महिन्यांनी तुम्ही शब्द मोडला असं म्हणतात. म्हणून स्पष्ट लिहिलं: कंपनी माल विकत घेणार नाही, माल सभासदाचाच राहील, शीतगृह या टप्प्यात नाही.

जे अजून ठरलेलं नाही तेही तसंच लिहावं, मात्र कोण आणि कधी ठरवणार यासकट. प्रतवारीचा दर किलोला किती, हे सप्टेंबरात ठरलं नव्हतं. पत्रात लिहिलं की संचालक मंडळ 31 डिसेंबरपर्यंत दर ठरवून कळवेल. त्यानंतर दराची विचारणा जवळजवळ थांबली.

जबाबदारी: एका कामाला एकच नाव

"बांधकाम समिती" असं लिहिलं की काम कुणाचंच राहत नाही. समिती असू दे, पण तारीख चुकली तर फोन कुणाला करायचा, तो एकच माणूस हवा. मोठ्या कंपन्यांत यासाठी रॅसी तक्ता करतात: काम करणारा कोण, शेवटी जाब देणारा कोण, आधी कुणाला विचारायचं आणि नंतर कुणाला नुसतं कळवायचं. आम्ही असा तक्ता स्वतःसाठी वहीत केला, पत्रात टाकला नाही. चार रकाने बघून सभासद कागद बाजूला ठेवतो. पत्रात पाचच ओळी गेल्या, प्रत्येक ओळीत एक काम, एक नाव आणि एक मोबाइल नंबर.

विजेची ओळ मी सगळ्यात आधी लिहिली, कारण मागच्या वेळचा घाव तिथलाच होता. ज्या संचालकांनी ती घेतली त्यांचं गाव उपविभाग कार्यालयाच्या वाटेवर आहे, आणि आठवड्यातून एकदा तिकडे फेरी मारायला ते तयार होते. इथे एक पथ्य पाळायचं: सरकारी अधिकारी किंवा बँकेच्या साहेबांच्या नावापुढे आपण काम लिहायचं नाही. ते आपले नोकर नाहीत, आणि त्यांना ते खटकतं. "वीजजोडणी: उपअभियंता" असं न लिहिता "महावितरणकडचा पाठपुरावा: संचालक अमुक" असं लिहायचं.

जबाबदारीसोबत अधिकारही लिहायला हवा. समन्वयक म्हणून मी 25 हजारांपर्यंतचा खर्च स्वतः करू शकतो, 2 लाखांपर्यंत बांधकाम बघणारे संचालक आणि अध्यक्ष मिळून, त्यावर पूर्ण मंडळ, असं पत्रातच होतं. नोव्हेंबरात पायात पाणी लागलं तेव्हा उपशाचा पंप भाड्याने आणायला मला कुणालाही विचारावं लागलं नाही. ती ओळ नसती तर बैठक बोलवायचे चार दिवस गेले असते.

टप्पे शेवटाकडून मोजायचे

टप्पे लिहिताना आजच्या तारखेपासून पुढे मोजत गेलात तर शेवट कुठेही जाऊन पडतो. बेदाणा आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून 20 फेब्रुवारी खिळा ठोकल्यासारखी पक्की धरली आणि मागे सरकत आलो. पहिल्या खेपेआधी दहा दिवस चाचणी हवी, म्हणजे 10 फेब्रुवारी. चाचणीआधी मशीन बसवायला तीन आठवडे, म्हणजे 20 जानेवारीला ते जागेवर. मशीन यायच्या आधी वीज, म्हणजे 10 जानेवारी. त्याआधी पत्रे चढलेले, म्हणजे 31 डिसेंबर. पाया 15 नोव्हेंबर. पाया याहून आधी धरला नाही, कारण आमची जागा काळ्या मातीची आहे. परतीचा पाऊस ऑक्टोबरात पडला की खड्डे भरतात आणि माती वाळेपर्यंत हात लावता येत नाही.

मशीनचे 90 दिवस मोजले तर 10 ऑक्टोबरला आगाऊ रक्कम द्यायलाच हवी होती. तशी दिली तर मशीन 8 जानेवारीला तयार होतं आणि 20 जानेवारीपर्यंत 12 दिवस हातात राहतात. हे मोकळे दिवस पत्रात लिहिले नाहीत, पण बँकेला वेगळे सांगितले, कारण कर्जाचा पहिला हप्ता 10 ऑक्टोबरच्या आत सुटणं त्यांच्या हातात होतं.

टप्प्याचं नाव असं हवं की ते डोळ्याने दिसावं. "विद्युतीकरण प्रगतिपथावर" म्हणजे काय, ते कुणालाच सांगता येत नाही. "मीटर बसून शेडमधला दिवा लागला" हे शेजारच्या पोरालाही सांगता येतं. "80 टक्के काम पूर्ण" हा शब्दप्रयोग मी पत्रात येऊच देत नाही. उरलेल्या 20 टक्क्यांतच दोन महिने जातात आणि कागदावर सगळं छान दिसत राहतं.

सहा-सात टप्प्यांपेक्षा जास्त नकोत. कंत्राटदाराची तपशीलवार यादी 40 ओळींची होती, ती त्याच्या आणि माझ्याकडे राहिली.

पहिली बैठक कधी, कुठे, कशासाठी

बैठकीची तारीख ठरवताना कॅलेंडरपेक्षा माणसांचा दिवस बघावा लागतो. सप्टेंबरात फळछाटणी सुरू झालेली असते. ज्यांच्या बागा आधी छाटल्यात ते सकाळी फवारणीत अडकलेले, संध्याकाळी सहानंतर धारा आणि दूध घालायची गडबड. म्हणजे दुपारी चार ते सव्वापाच हाच काय तो मोकळा वेळ. सौद्याचा दिवस टाळायचा, आठवडी बाजाराचा टाळायचा. बँकेचं सहामाही काम 30 सप्टेंबरला असतं, म्हणून शेवटचे दोन-तीन दिवस नकोत. पितृपंधरवडा 21 सप्टेंबरला संपत होता. ज्येष्ठ संचालक म्हणाले, पंधरवडा जाऊ दे. पत्र पंधरवड्यात वाचायला कुणाची हरकत नव्हती, पण बैठक घटस्थापनेनंतरच घ्यायची ठरली आणि भूमिपूजन दसऱ्याला. असा मान राखला की काम अडत नाही, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा पाठिंबा राहतो.

जागा म्हणून विकास सोसायटीचं सभागृह घेतलं. शेडच्या जागेवरच जमावं असं मला वाटत होतं, पण चार वाजता परतीचा पाऊस गाठतो. म्हणून बैठक सभागृहात आणि आधी अर्धा तास ज्यांना जमेल त्यांनी जागेवर.

बोलवायचं किती जणांना? 212 जणांच्या सभेत डीपीचा प्रश्न सुटत नाही. पहिल्या बैठकीला 14 जण बोलावले: सात संचालक, मी, कंत्राटदार, मशीनवाल्याचा माणूस, सीए, बँकेचे शाखाधिकारी, कृषी कार्यालयाचे प्रतिनिधी आणि ग्रामसेवक. सभासदांसाठी पुढच्या रविवारी वेगळी सभा ठेवली आणि ती तारीख त्याच पत्रात दिली. ती दिली नसती तर आम्हाला बोलावलं नाही, अशी कुजबुज दुसऱ्या दिवशी सुरू झाली असती.

बैठकीचे विषय प्रश्नाच्या रूपात लिहा. "वीजजोडणीबाबत चर्चा" लिहिलं की चर्चा होते. "नव्या डीपीचा खर्च कंपनीने भरून काम लवकर करून घ्यायचं, की वाट बघायची?" असं लिहिलं की लोक घरूनच विचार करून येतात. आणि प्रत्येकाने काय आणायचं तेही लिहा.

तयार पत्र

> दिनांक: सोमवार, 15 सप्टेंबर 2025
>
> विषय: बेदाणा प्रतवारी शेडचं काम सुरू करत आहोत, पहिली बैठक मंगळवार, 23 सप्टेंबर, दुपारी 4
>
> सप्रेम नमस्कार,
>
> आपल्या कंपनीच्या बेदाणा प्रतवारी शेडला बँकेची आणि अनुदानाची मंजुरी मिळाली आहे. एकूण खर्च 96 लाख रुपये आहे: बँकेचं कर्ज 40 लाख, अनुदान 36 लाख आणि सभासदांचं भागभांडवल 20 लाख.
>
> काय साधायचं आहे: 20 फेब्रुवारी 2026 रोजी सभासदांच्या मालाची पहिली खेप आपल्या शेडमध्ये प्रतवारी होऊन 15 किलोच्या पेटीत भरली जाईल. 30 एप्रिलपर्यंत 250 टन माल काढायचा आहे.
>
> या कामात काय नाही: कंपनी माल विकत घेणार नाही, माल सभासदाचाच राहील. शीतगृह या टप्प्यात नाही. प्रतवारीचा दर संचालक मंडळ 31 डिसेंबरपर्यंत ठरवून कळवेल.
>
> कोण काय बघणार:
> महावितरणकडचा पाठपुरावा: संचालक (वीज)
> बांधकाम आणि पाणंद रस्ता: संचालक (बांधकाम)
> मशीन आणि चाचणी: उपाध्यक्ष
> बँक, अनुदान, हिशेब, अन्नसुरक्षा परवाना: सचिव, सीएंच्या मदतीने
> सगळ्यांचा मेळ आणि दर सोमवारचा अहवाल: समन्वयक
>
> खर्चाचा अधिकार: 25 हजारांपर्यंत समन्वयक, 2 लाखांपर्यंत अध्यक्ष आणि बांधकामाचे संचालक मिळून, त्यावर संचालक मंडळ.
>
> टप्पे:
> 30 सप्टेंबर: बांधकामाचा कार्यादेश दिला, विजेचा अर्ज दाखल
> 10 ऑक्टोबर: मशीनची आगाऊ रक्कम दिली
> 15 नोव्हेंबर: पाया पूर्ण
> 31 डिसेंबर: पत्रे चढले
> 10 जानेवारी: शेडमधला दिवा लागला
> 20 जानेवारी: मशीन जागेवर
> 10 फेब्रुवारी: सभासदाच्या 1 टन मालावर चाचणी
>
> काम संपल्यावर पाणंदीवर मुरूम टाकून देण्याचं कंपनीने कबूल केलं आहे.
>
> पहिली बैठक: मंगळवार, 23 सप्टेंबर, दुपारी 4 ते 5.15, विकास सोसायटीचं सभागृह. ज्यांना जागा पाहायची आहे त्यांनी 3.30 ला शेडच्या जागेवर यावं. तीन गोष्टी ठरवायच्या आहेत: नव्या डीपीचा खर्च आपण भरायचा का, कर्जाचा पहिला हप्ता 10 ऑक्टोबरच्या आत मिळण्यासाठी बँकेला कोणते कागद हवेत, डंपर पाणंदीने कोणत्या वेळेत न्यायचे.
>
> आणायचं काय: कंत्राटदारांनी पायाचा नकाशा, मशीन पुरवठादारांनी वीजभाराचा आणि पाया-बोल्टचा तक्ता, सचिवांनी सातबारा, बांधकाम परवानगी आणि दोन्ही मंजुरीपत्रं.
>
> ही बैठक कामाशी थेट संबंध असलेल्या 14 जणांची आहे. सर्व सभासदांची सभा रविवार, 28 सप्टेंबर, सकाळी 10 वाजता याच सभागृहात.
>
> बैठकीला येणाऱ्यांनी शुक्रवार, 19 सप्टेंबरपर्यंत समन्वयकाला दोन गोष्टी कळवाव्यात: येणार की नाही, आणि आपल्या नावापुढची तारीख मान्य आहे का.
>
> आपले,
> अध्यक्ष आणि समन्वयक

सही अध्यक्षांची हवी. समन्वयकाच्या एकट्याच्या सहीने गेलेलं पत्र बँकेत आणि कृषी कार्यालयात सूचना म्हणून वाचलं जातं, मंडळाचा निर्णय म्हणून नाही.

पाठवायचं कसं, आणि पोचलं हे ओळखायचं कसं

एकच कागद सगळ्यांना चालत नाही. बँक, कृषी कार्यालय, महावितरण आणि ग्रामपंचायत यांना छापील पत्र नेऊन दिलं आणि आमच्या प्रतीवर पोच घेतली. कंत्राटदार, मशीनवाला आणि सीए यांना मेल. सभासदांना व्हॉट्सअॅपवर चार ओळी, आणि तेच कागदावर दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर, कारण ग्रुप न बघणारा माणूसही दोन वेळा दूध घालायला येतोच. चार ओळी अशा:

> बेदाणा शेडला मंजुरी मिळाली. 20 फेब्रुवारीला पहिला माल प्रतवारीला घेणार.
> कंपनी माल विकत घेणार नाही, माल तुमचाच राहील. दर 31 डिसेंबरपर्यंत कळवू.
> सर्व सभासदांची सभा: रविवार, 28 सप्टेंबर, सकाळी 10, विकास सोसायटी.
> तुमचा अंदाजे किती माल येईल ते सभेला येताना लिहून आणा.

शेवटची ओळ सगळ्यात उपयोगी ठरली. माणसाला काही करायला सांगितलं की त्याने वाचलं की नाही ते कळतं. निळ्या टिका आणि हात जोडलेली चित्रं यावरून काहीच कळत नाही.

बैठकीच्या 14 जणांपैकी शुक्रवारपर्यंत नऊ जणांची उत्तरं आली. उरलेल्या पाचांना मी शनिवारी फोन केले. चार जण विसरले होते. पाचवा मशीनवाला. "येतो की, येतो" म्हणाला, पण तारीख मान्य आहे का, या प्रश्नावर थांबला. खोदून विचारल्यावर कळलं की त्याच्याकडे दिवाळीत कारखाना आठ दिवस बंद असतो आणि 90 दिवसांत त्याने ते धरले नव्हते. 21 ऑक्टोबरचं लक्ष्मीपूजन आमच्या मोजणीच्या आतच येत होतं. आमच्या 12 मोकळ्या दिवसांतले आठ तिथेच गेले. मशीनची तारीख बदलावी लागली नाही, पण आगाऊ रक्कम 10 ऑक्टोबरच्या पुढे एक दिवसही सरकवायची नाही, हे त्याच दिवशी पक्कं झालं. दोन प्रश्न विचारून उत्तराची तारीख दिली नसती, तर ही गोष्ट आम्हाला जानेवारीत कळली असती.

पत्र गेल्यावर त्यातलं काही बदललं तर जुनं पत्र पुसून नवं टाकू नका. व्हॉट्सअॅपवर दोन पत्रं फिरायला लागली की सोयीची तारीख जो तो धरतो. बदल एका ओळीत वेगळा कळवायचा: काय होतं, काय झालं, का झालं. आमच्याकडे असा बदल दोनदा झाला. ऑक्टोबरातल्या पावसाने पायाची तारीख 15 वरून 22 नोव्हेंबरवर गेली, आणि प्रतवारीचा दर 31 डिसेंबरऐवजी 12 जानेवारीला ठरला. दोन्ही वेळी 20 फेब्रुवारी तीच राहते आहे, हे त्याच ओळीत लिहिलं होतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी, घटस्थापनेच्या सकाळी, 14 जणांना फक्त वेळ, जागा आणि प्रत्येकाने आणायचा कागद एवढंच पुन्हा पाठवलं. मंगळवारी साडेतीनला सहा जण जागेवर उभे होते. कंत्राटदाराने चुन्याने आखणी करून ठेवली होती, आणि डीपी कुठे बसेल ते वीज बघणाऱ्या संचालकांनी काठीने दाखवलं. पावणेचारला आभाळ भरून आलं, तसे सगळे सभागृहाकडे निघाले. डीपीचा खर्च भरायचा निर्णय पहिल्या वीस मिनिटांत झाला. बुधवारी सकाळी तो निर्णय आणि इतर दोन, असे तीन मुद्दे, कुणी आणि कधीपर्यंत करायचं त्यासह, पत्र मिळालेल्या प्रत्येकाला पोचते केले, आणि त्या दिवशी दुपारी विजेचा अर्ज दाखल झाला.